आजारपणाची रजा मागताना ऑफिसला किती सांगायचं? खासगी नोकरीत नव्याने लागलेल्यांसाठी

भगंदर, मूळव्याध, गर्भाशयाचा त्रास, नैराश्य, वंध्यत्वाचे उपचार. रजेच्या अर्जात काय लिहावं हा प्रश्न बहुतेक वेळा अशाच आजारांत पडतो. साध्या तापाला तो पडत नाही. ताप आला, सकाळी साहेबांना मेसेज केला, दोन दिवस झोपून काढले, संपलं. अडचण येते ती आजाराचं नाव सांगायला जीभ रेटत नाही आणि न सांगावं तर रजा अडेल असं वाटतं तेव्हा. मग नवा माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर घाबरून सगळी फाइल एचआरला पाठवून देतो, नाही तर 'व्हायरल फीव्हर' असं खोटं लिहून मोकळा होतो. दोन्हींचा त्रास पुढे होतो. म्हणून इथे ठरवून होणाऱ्या एका शस्त्रक्रियेचं उदाहरण घेऊन रजेच्या अर्जापासून कामावर परत येईपर्यंतचा सगळा क्रम पाहू.

उदाहरण असं. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत वर्षभरापूर्वी लागलेला तिशीतला कर्मचारी. त्याला भगंदर झालंय आणि सर्जनने गुरुवार, ९ जुलै ही शस्त्रक्रियेची तारीख दिलीय. दोन आठवडे घरी राहावं लागेल, त्यानंतरही काही दिवस एका जागी फार वेळ बसता येणार नाही, दुचाकी चालवता येणार नाही. खात्यात ७ सिक लीव्ह आहेत आणि थोड्या अर्न्ड लीव्ह साठल्या आहेत. ऑफिसात कुणालाही आजाराचं नाव कळू नये अशी त्याची इच्छा आहे, आणि ती अगदी रास्त आहे.

आधी आपला हक्क कुठून येतो ते पाहा

महाराष्ट्रातल्या दुकानं-कार्यालयांना लागू असलेल्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे, म्हणजे आपण जिला कॅज्युअल लीव्ह म्हणतो ती. ती दर तिमाहीला थोडी थोडी खात्यात जमा होते आणि वर्षअखेरीस उरली तर बुडते. त्याशिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस अर्जित रजा, म्हणजे अर्न्ड लीव्ह, मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. 'आजारपणाची रजा' असा वेगळा कोटा मात्र त्या कायद्यात नाही. खासगी ऑफिसात जी सिक लीव्ह मिळते ती कंपनीच्या स्वतःच्या रजा धोरणातून येते. म्हणून कागद किती आणि कोणते द्यायचे याचं पहिलं उत्तर त्या धोरणात शोधायचं.

धोरणाची फाइल बहुधा एचआरच्या पोर्टलवर असते. ती उघडून तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या: किती दिवसांपुढच्या रजेला मेडिकल सर्टिफिकेट लागतं, ते किती दिवसांत द्यायचं, आणि परत येताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं का. शब्दही नीट वाचा. 'नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र' असं लिहिलं असेल तर मागणी तेवढीच आहे. रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड हे त्यात येत नाही. एचआरमधला माणूस सवयीने 'सगळे पेपर्स पाठवा' म्हणतो, कारण त्याला कुठला कागद पुरेल ते एकेका रजेसाठी बघत बसायचं नसतं. धोरणातलं वाक्य तुमच्यापाशी असलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

एक-दोन दिवसांचंच काम असेल, म्हणजे तपासणी, सोनोग्राफी, समुपदेशकाची भेट, तर कॅज्युअल लीव्ह टाका. 'वैयक्तिक काम' एवढं कारण तिथे चालतं आणि वैद्यकीय कागदाचा प्रश्नच उभा राहत नाही. आपल्या उदाहरणातल्या माणसानेही शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांचा एक दिवस असाच घ्यावा. सिक लीव्हचे ७ दिवस पुढे लागणार आहेत.

साहेबांना सांगायच्या चार गोष्टी

वरिष्ठाला रजा मंजूर करायला काय लागतं याचा विचार करा. माणूस कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नसेल, त्या काळात फोन किंवा मेलवर थोडाफार सापडेल का, त्याचं काम कोण बघेल, आणि परत आल्यावर काही दिवस कशाची सवलत लागेल. या चार गोष्टी स्पष्ट असतील तर आजाराचं नाव नसल्याने काहीच अडत नाही. त्या अर्धवट असल्या की मात्र समोरचा प्रश्न विचारायला लागतो, आणि उत्तरं देता देता नाव बाहेर पडतं. आजाराबद्दल जेवढं कमी सांगायचं असेल, तेवढी तारखांची आणि कामाची माहिती जास्त नेमकी द्यावी लागते.

मेल साधारण असा:

"सर, ९ जुलैला माझी एक ठरलेली शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी २२ जुलैपर्यंत विश्रांती सांगितली आहे, म्हणून ९ ते २२ जुलै अशी रजा हवी आहे. पहिले चार दिवस मी फोनवर उपलब्ध नसेन. १३ तारखेपासून तातडीचं असेल तर संध्याकाळी मेल बघू शकेन. चालू रिलीजचं काम मी ७ तारखेपर्यंत पूर्ण करून सोपवतो, त्याची यादी सोबत आहे. परतल्यावर साधारण दोन आठवडे घरून काम करण्याची परवानगी लागेल. त्याबद्दल डॉक्टरांचं पत्र एचआरला देईन."

मेल इंग्रजीत लिहिणार असाल तरी क्रम हाच ठेवा. यात 'शस्त्रक्रिया' हा शब्द मुद्दाम आहे. 'बरं नाही' एवढ्यावर दोन आठवडे मागितले तर ते पटत नाही. 'ठरलेली शस्त्रक्रिया' म्हटलं की रजेची लांबी आपोआप पटते आणि अवयव कोणता हे गुलदस्त्यात राहतं. मानसिक त्रासासाठी 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार सुरू आहेत' हे वाक्य तेच काम करतं. तेही खरं असतं.

साहेबांनी आपुलकीने विचारलंच, "कसलं ऑपरेशन रे? काही सीरियस नाही ना?", तर उत्तर आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी सुचत नाही आणि माणूस भरभर सगळं सांगून टाकतो. "सीरियस काही नाही सर, पण जरा खासगी आहे. दोन आठवड्यांत ठीक होईन." एवढं म्हणून लगेच कामाच्या यादीवर यायचं. बहुतेक जण इथे थांबतात.

'जरा खासगी आहे' म्हणायला नव्या माणसाला उद्धटपणा वाटतो. तो नाही. 'हर्नियाचं आहे' असं दुसरंच नाव घेणं मात्र धोक्याचं. पुढे सर्टिफिकेटवर, मेडिक्लेमच्या कागदावर किंवा सहा महिन्यांनी पुन्हा रजा लागली तेव्हा गोष्ट जुळत नाही. आजाराचं नाव न सांगितल्याबद्दल कारवाई होण्याची शक्यता कमी. खोटं कारण देऊन रजा घेतली म्हणून गैरवर्तनाची नोटीस मात्र येऊ शकते.

सर्टिफिकेट डॉक्टरकडे मागतानाच नीट मागा

सगळ्यात जास्त माहिती फुटते ती सर्टिफिकेटमधून, आणि त्याचं कारण त्याच्या नमुन्यातच आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. त्यांच्या परिशिष्टात रजेसाठीच्या प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे: वर रुग्णाची सही, मग 'मी तपासून प्रमाणित करतो की अमुक यांना ___ झाला आहे आणि इतके दिवस कामावरून अनुपस्थिती आवश्यक आहे'. त्या मोकळ्या जागेत डॉक्टर सवयीने पूर्ण निदान लिहून टाकतात. त्यांना वाटतं, जितकं सविस्तर तितकं पेशंटच्या सोयीचं.

त्या जागेत खरं पण ढोबळ वर्णन लिहिता येतं. आपल्या माणसाच्या बाबतीत 'शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती' पुरेसं आहे. इतरांसाठी 'तीव्र ताप', 'पोटाचा विकार', 'स्त्रीरोगविषयक उपचार' (हेही नको असेल तर नुसतं 'शस्त्रक्रिया'), 'वैद्यकीय उपचार सुरू असून विश्रांती आवश्यक' असं. लेखणी कागदावर टेकण्याआधी सांगा: "डॉक्टर, हे ऑफिसला द्यायचंय. आजाराचं नाव न घालता शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती असं लिहाल का?" लिहून झाल्यावर सांगितलं तर नवं सर्टिफिकेट मागावं लागतं. डॉक्टरांना दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही आणि प्रत ठेवावी लागते, त्यामुळे एकाच रजेची दोन वेगळी प्रमाणपत्रं द्यायला ते नाखूश असतात.

चांगल्या सर्टिफिकेटवर एवढं असावं: तुमचं नाव ऑफिसच्या नोंदीत आहे तसंच, तपासल्याची तारीख, विश्रांतीची 'पासून-पर्यंत' तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक असणं नियमानेच आवश्यक आहे, आणि एचआर पहिल्यांदा तोच बघतो. तो असेल तर 'हे खरं आहे का' ही शंका उरत नाही. शंका मिटली की निदानाची चौकशीही बहुधा मिटते.

तारखांचा एक घोळ नेहमी होतो. डॉक्टर सरसकट दिवस मोजतात, ऑफिस कामाचे दिवस मोजतं. ९ ते २२ जुलै हे सर्टिफिकेटवर १४ दिवस होतात. शनिवार-रविवार वगळले तर ऑफिसच्या हिशेबाने १० दिवस होतात, म्हणजे आपल्या माणसाचे ७ सिक आणि ३ अर्न्ड. पोर्टलवर १० दिवस आणि कागदावर १४ दिवस दिसले की अर्ज परत येतो आणि विचारपूस सुरू होते. म्हणून सर्टिफिकेटवर दिवसांच्या आकड्यासोबत दोन्ही तारखा लिहून घ्या आणि अर्जातही त्याच तारखा टाका. मधले शनिवार-रविवार रजेतच धरणाऱ्या कंपन्याही आहेत. तुमच्या कंपनीत तसं असेल तर १४ दिवसांची शिल्लक लागेल. हे आधी बघितलेलं बरं.

मग लेटरहेड. निदान न लिहिताही लेटरहेड बोलतं. वर 'मूळव्याध-भगंदर क्लिनिक' किंवा 'मनोविकारतज्ज्ञ' असं छापलं असेल तर खालच्या ढोबळ शब्दांचा उपयोग नाही. मोठ्या रुग्णालयात उपचार असतील तर विभागाच्या कागदाऐवजी रुग्णालयाच्या सर्वसाधारण लेटरहेडवर सर्टिफिकेट मिळतं का ते विचारा. छोट्या क्लिनिकमध्ये हा पर्याय नसतो. तिथे फॅमिली डॉक्टर कामी येतात, पण एका अटीवर: त्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं असलं पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर ड्रेसिंगसाठी किंवा तपासणीसाठी त्यांच्याकडे जात असाल तर त्यांनी पाहिलेल्या स्थितीवरून ते विश्रांतीचं सर्टिफिकेट देऊ शकतात. न तपासता, मागच्या तारखेने लिहून द्या असा आग्रह त्यांना धरू नका. खोटं प्रमाणपत्र देणं हे त्या नियमांत व्यावसायिक गैरवर्तन आहे. नोंदणी त्यांची जाते आणि नोकरी तुमची.

हातात आलेल्या सर्टिफिकेटवर निदान लिहिलेलं असेल तर पांढरी शाई लावू नका, फोटोत ती ओळ खोडून पाठवू नका. खाडाखोड केलेला कागद खोटा मानला जातो, मग आत काहीही असो. डॉक्टरांकडे परत जाऊन पहिलं प्रमाणपत्र परत करा आणि बदलून घ्या.

डिस्चार्ज कार्ड ऑफिसला देऊ नका

हे वेगळं आणि ठासून सांगायला हवं. अनेकांना वाटतं की डिस्चार्ज कार्ड हाच सगळ्यात पक्का पुरावा, म्हणून ते लगेच स्कॅन करून पाठवतात. त्या दोन-तीन पानांत काय असतं ते एकदा वाचून बघा. निदान असतंच. शिवाय पूर्वीचे आजार, चालू गोळ्या, तंबाखू-दारूची सवय, स्त्रियांच्या बाबतीत पाळी आणि बाळंतपणाची माहिती असते. शस्त्रक्रियेआधी रुग्णालयं सर्रास एचआयव्ही आणि कावीळ ब, क या तपासण्या करतात, त्यांचे निकालही तिथे असू शकतात. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा स्पष्ट आहे: न्यायालयाच्या आदेशाशिवाय आपली स्थिती उघड करायला कुणालाही भाग पाडता येत नाही आणि नोकरीची अट म्हणून ती तपासणी मागता येत नाही. पण तुम्ही स्वतःच पीडीएफ जोडून पाठवलीत तर हा कायदा ती परत आणून देत नाही.

प्रिस्क्रिप्शनचंही तसंच. औषधाचं नाव मोबाइलवर टाकलं की आजार समोर येतो. औषधाच्या दुकानाचं बिलही तेच सांगतं.

पाठवलेली माहिती कुठे जाते हेही पाहा. पोर्टलवर जोडलेली फाइल तुमचा साहेब उघडू शकतो की फक्त एचआर, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रजेची विनंती साहेबांकडून पुढे जात असेल तर जोडपत्रही त्यांना दिसतं असंच धरून चाला. म्हणून पोर्टलवर नुसती रजा टाका, शेऱ्यात 'प्रमाणपत्र एचआरला स्वतंत्र पाठवत आहे' लिहा, आणि सर्टिफिकेट एचआरमधल्या एका व्यक्तीला मेल करा. फाइलचं नावही तपासा. रुग्णालयाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल पुष्कळदा आजाराच्या किंवा शस्त्रक्रियेच्या नावानेच येते आणि आतला मजकूर सभ्य असूनही नावातच सगळं कळतं. 'वैद्यकीय प्रमाणपत्र जुलै' असं नाव द्या.

कायद्याचा आधार इथे मर्यादित आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी शारीरिक-मानसिक आरोग्याची माहिती संवेदनशील ठरवली आहे. पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, नोकरीच्या कारणांसाठी वेगळी संमती न घेताही कर्मचाऱ्याची माहिती वापरण्याची मुभा मालकाला ठेवलेली आहे. म्हणून 'दिली तरी गुप्त राहील' या भरवशावर देण्यापेक्षा मुळात कमी देणं हा जास्त पक्का उपाय.

मेडिक्लेमची वाट वेगळी ठेवा

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर इथे माहिती लपवायची नाही. विमा कंपनीला आणि तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीएला निदान, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बिलं सगळं द्यावं लागतं, नाही तर दावा नाकारला जातो. काळजी एवढीच की हे कागद एचआरच्या हातून जाऊ नयेत. कॅशलेस असेल तर रुग्णालयातल्या विमा काउंटरवरून ते थेट टीपीएकडे जातात. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी दोन-तीन दिवस आधीच त्या काउंटरवर जाऊन पूर्वमंजुरीचा अर्ज भरा. म्हणजे ऐन वेळी 'कंपनीतून मेल करायला सांगा' असं होत नाही. खिशातून खर्च करून मागाहून दावा करणार असाल तर टीपीएच्या पोर्टलवर स्वतः कागद चढवा. मूळ बिलं एचआरमार्फतच पाठवायची पद्धत असेल तर बंद पाकिटात द्या आणि वर 'विमा दावा, फक्त टीपीएसाठी' असं लिहा.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. काही कंपन्यांत विमा दलाल एचआरला दाव्यांचा तक्ता पाठवतो आणि त्यात कर्मचाऱ्याच्या नावासमोर आजारही असतो. म्हणून मेडिक्लेम वापरलात की एचआरमधल्या एखाद्या माणसाला निदान कळण्याची शक्यता उरतेच. आपल्या उदाहरणातला खर्च मोठा आहे, त्यामुळे मेडिक्लेम सोडण्यात अर्थ नाही. पण एचआरला खोटं कारण का सांगू नये, याचं आणखी एक कारण इथे सापडतं.

एचआर अडून बसलं तर

'निदानाशिवाय सर्टिफिकेट चालणार नाही' असा मेल आला तर फोनवर वाद घालू नका, लिहूनच उत्तर द्या. आधी धोरणातलं वाक्य मागा: "रजा धोरणात नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र असं म्हटलं आहे आणि ते मी दिलं आहे. निदान आवश्यक असल्याचं कलम कृपया कळवा." कलम नसेल तर प्रकरण बहुधा इथेच मिटतं.

नाही मिटलं तर पडताळणीची तयारी दाखवा. प्रमाणपत्र खरं आहे की नाही याची खात्री करायचा एचआरला अधिकार आहे, आणि डॉक्टर आपल्या नोंदवहीवरून 'हो, हे मी दिलेलं आहे' एवढं सांगू शकतात. त्यापुढे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर बंधन आहे. त्याला अपवाद थोडे आहेत: न्यायालयाचा आदेश, कुणाच्या जिवाला असलेला गंभीर धोका, सरकारला कळवायचे आजार. एचआरचा फोन त्यात बसत नाही. मानसिक आजारांबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा: "ऑफिसातून फोन आला तर प्रमाणपत्र तुमचं आहे एवढंच सांगा."

तिसरी पायरी म्हणजे कंपनीचा डॉक्टर. मोठ्या कंपन्यांच्या धोरणात, लांब रजा असेल तर पॅनेलवरच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायची तरतूद असते. पाठवलं तर जा, आणि तिथे सगळं खरं सांगा. अहवालात मात्र 'कामासाठी योग्य की अयोग्य, कधीपर्यंत, कोणत्या सवलती' एवढंच लिहावं अशी विनंती करा. निदान डॉक्टरांच्या कपाटात राहतं आणि एचआरला त्याचं उत्तर मिळतं. एचआर अडून बसलं असेल तर हा मार्ग तुम्ही स्वतःहूनही सुचवू शकता.

नाव सांगितल्याशिवाय भागत नाही अशा जागा

वर सांगितलेलं सगळं साध्या ऑफिसकामाला लागू आहे. जिथे तुमच्या आजाराने दुसऱ्याला धोका होऊ शकतो तिथे गप्प राहणं चूक आहे. हॉटेल, कँटीन, बेकरी, डेअरीत अन्न हाताळणाऱ्याने कावीळ, जुलाब-उलट्या, ताप, हातावरच्या वाहत्या जखमा याबद्दल सांगायलाच हवं. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे अशा माणसाला अन्नाजवळ काम करू देता येत नाही. गाडी, क्रेन, प्रेस मशीन चालवणाऱ्याने फिट येणं, भोवळ येणं किंवा गुंगी आणणारी औषधं सुरू असणं लपवू नये. फुप्फुसाचा क्षय झाला असेल तर सोबत बसणाऱ्यांच्या तपासणीचा प्रश्न येतो. क्षय हा सरकारला कळवायचा आजार आहे, त्यामुळे आरोग्य कर्मचारी निकटच्या लोकांची चौकशी करणारच. तिथे एचआरला विश्वासात घेणं बरं.

दुसरी जागा म्हणजे आजाराच्या नावावरच हक्क मिळतो ती. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असून ईएसआयसी कापलं जात असेल, तर आजारपणात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. पण त्यासाठी ईएसआयसीच्या दवाखान्यातून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, बाहेरच्या डॉक्टरचं घेऊन बसलात तर पैसे अडकतात. गर्भपात झाला तर कायद्याने ६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण पुरावा द्यावा लागतो. इथे स्त्रीला निवड करावी लागते: कारण सांगून ६ आठवडे घ्यायचे, की न सांगता आपल्या सिक लीव्हमधून भागवायचं. कारण सांगायचं ठरवलंत तर फक्त एचआरमधल्या एका व्यक्तीला सांगा आणि साहेबांना केवळ 'वैद्यकीय रजा' कळवायला सांगा.

सरकारी नोकरीतल्यांचे रजेचे नमुने ठरलेले आहेत. केंद्राच्या नमुन्यात आजाराचं स्वरूप लिहायला जागाच आहे आणि ती रिकामी सोडता येत नाही. तिथेही ढोबळ पण खरं वर्णन लिहून घेता येतं.

परत येताना

सर्टिफिकेटइतकंच फिटनेसचं पत्र विचारपूर्वक मागा, कारण सवलत त्यावरच मिळते. आपल्या माणसाला घरून काम हवंय. 'भगंदराची जखम भरलेली नाही' असं लिहिलं तर निदान फुटतं. नुसतं 'फिट' लिहिलं तर दुसऱ्या दिवसापासून नऊ तास खुर्चीत. डॉक्टरांकडून असं लिहून घ्या: '२३ जुलैपासून कामासाठी योग्य. ५ ऑगस्टपर्यंत सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये, दुचाकी प्रवास टाळावा, ५ किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, आठवड्यातून दोनदा तपासणीसाठी वेळ लागेल. शक्य असल्यास घरून काम द्यावं.' आकडे डॉक्टर तुमच्या जखमेप्रमाणे ठरवतील. शेवटची तारीख मात्र हवीच. मुदत नसलेली सवलत एचआरला धोक्याची वाटते आणि मग आजार नक्की काय आहे हा प्रश्न पुन्हा निघतो.

मुदतीपूर्वी जखम भरत नाहीये असं दिसलं तर ५ ऑगस्ट उजाडायची वाट पाहू नका. एक-दोन दिवस आधी त्याच डॉक्टरांकडून, त्याच शब्दांत, नवी तारीख घातलेलं पत्र घ्या. पहिल्या पत्रात 'शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती' आणि दुसऱ्यात पूर्ण निदान, असं झालं तर आधीची सगळी काळजी वाया जाते. दुसऱ्या वेळी डॉक्टर घाईत असतात आणि ही चूक तिथेच होते, म्हणून पहिल्या पत्राची प्रत सोबत न्या आणि समोर ठेवा.

टीममधल्या लोकांना काय सांगायचं तेही साहेबांशी आधीच बोलून घ्या: "ग्रुपवर फक्त रजेवर आहे एवढंच टाका सर." नाही तर साहेब प्रेमापोटी 'याचं ऑपरेशन आहे, सगळ्यांनी शुभेच्छा द्या' असं टाकतात आणि पन्नास जणांचे फोन येतात. परतल्यावर चहाच्या टपरीवर कुणी विचारलंच, तर साहेबांना दिलेलं उत्तरच द्या: छोटं ऑपरेशन होतं, आता बरं आहे. दोघांना दोन वेगळी उत्तरं दिली की ती एकमेकांसमोर यायला संध्याकाळही लागत नाही.